गुडघ्यांचं खापर ढगांवर

*आम्ही ठाण्यात, वर्तकनगरच्या बाजूला, जुन्या चार मजली इमारतीत सगळ्यात वर राहतो. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यांचे गुडघे दर पावसाळ्यात दुखतात. उद्या पाऊस लागणार हे त्या आदल्या दिवशी गुडघ्यावरून सांगतात. मला अर्धशिशी आहे, तीही श्रावण-भाद्रपदात वाढते. यंदा अनंत चतुर्दशीनंतर चार-पाच दिवसांनी सासूबाईंना सणकून ताप आला. हवा बदलली म्हणून असेल, असं समजून त्यांच्या नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. तीन दिवसांत ताप गेला, पण आता तीन आठवडे झाले तरी मनगटं, बोटं, घोटे धरलेले आहेत. सकाळी चहाचा कपही धरवत नाही. यजमान म्हणतात, इथली दमट हवाच वाईट, फ्लॅट विकून नाशिकला जाऊ, तिथे कोरडं आहे. माझी नोकरी इथे, मुलगी बारावीला. हवेपायी घर सोडावं का?*
*— एक वाचक, ठाणे*

ताई, नाशिकचं नंतर बघू. आधी सासूबाईंच्या हातांचं बोलू, कारण त्यांचे गुडघे आणि त्यांची मनगटं ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही.

गुडघ्याची झीज असते तेव्हा दुखणं वजनावर असतं. जिना उतरताना कळ येते, मांडी घातली की उठता येत नाही, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी गुडघा बोलतो. सकाळी आखडलेपण असतं, पण दहा-पंधरा मिनिटं घरात फिरलं की सुटतं. आता तुम्ही लिहिलेलं दुखणं बघा. ते मनगटात, बोटांत, घोट्यांत आहे. मनगटांवर, बोटांवर कसलं वजन? त्यातही ते सकाळी जास्त आहे आणि त्याच्या आधी ताप येऊन गेला आहे. आज सकाळी त्यांना तीन गोष्टी करायला सांगा: ओला नॅपकिन पिळायचा, घट्ट झाकणाचा डबा उघडायचा आणि अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं टाकायची. पिळताना मनगटं दुखली, पावलं टेकवताना टाचा-घोटे ठणकले आणि हे आखडलेपण अर्धा-पाऊण तास टिकलं, तर हे झिजेचं दुखणं नव्हे. सांध्यांना आतून सूज आहे. ढगांनी ती येत नाही.

माझा अंदाज चिकुनगुनियाचा आहे. पत्रावरून निदान करता येत नाही, म्हणून अंदाज म्हणते. पण आमच्या दवाखान्यात गणपतीनंतर ‘डॉक्टर, ताप गेला, हात राहिले’ असं म्हणत येणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत, की ते वाक्य ऐकलं की रक्ततपासणीचा कागद आपोआप पुढे येतो. हा आजार आपल्याकडे नवा नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली होती. मग तीसेक वर्षं तो जवळपास विसरला गेला आणि २००५-०६ मध्ये परत आला, तो राहिलाच. नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं आहे. वेदनेनं वाकून जाणं, असा काहीसा त्याचा अर्थ. तुमच्या सासूबाई सकाळी बाथरूमपर्यंत कशा जातात ते आठवा.

आता तारखा जुळवून बघू या, कारण हवेचं दुखणं आणि डासाचं दुखणं यांतला फरक मला तारखांनीच सर्वात चांगला कळतो. ढग आले आणि त्याच दिवशी गुडघा दुखला, तर हवेवर शंका घ्यायला जागा आहे. डासाचा आजार मात्र पावसाच्या मागून तीन-चार आठवड्यांनी चालत येतो. कसा, ते आपल्या सणांवरच मोजता येतं.

गोकुळाष्टमीच्या सुमारास जोरात पाऊस झाला, गच्चीवर कुठेतरी स्वच्छ पाणी साचलं, असं धरा. एडिस नावाच्या डासाची मादी भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, अंडी चिकटवते. अंडं ते उडणारा डास, याला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे गणेश चतुर्थीला तुमच्याकडे पाहुणे येतात, त्याच सुमारास हाही येतो. इमारतीत कुणाला तरी चिकुनगुनियाचा ताप असतो, त्याला तो चावतो. विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला आणखी काही दिवस जातात, साधारण आठवडा धरा. आता तो ज्याला चावेल त्याला आजार देईल. चावल्यापासून ताप येईपर्यंत पुन्हा तीन ते सात दिवस. हिशेब करा, अनंत चतुर्दशी उलटून चार-पाच दिवस होतात. तुम्ही पत्रात हाच दिवस लिहिला आहे. तोपर्यंत पाऊस उघडलेला असतो, ऊन तापायला लागलेलं असतं, आणि घरातला प्रत्येक जण म्हणतो, ‘हवा बदलली.’ हवा बदलली हे खरंच आहे, पण आजार महिन्याभरापूर्वीच्या पाण्यातला आहे.

करायचं काय? याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन चिकुनगुनियाची आयजीएम तपासणी करून घ्या. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, पण तीन आठवड्यांनंतर बहुधा नीट उत्तर देते. सोबत साधं रक्त, म्हणजे सीबीसी, आणि क्रिएटिनिन करा. क्रिएटिनिन का, तर सासूबाईंच्या त्या ‘नेहमीच्या गोळ्या’. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत ती डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची असते. अशी गोळी महिनोन्‌महिने, त्यात रक्तदाबाच्या औषधासोबत चालली, तर मूत्रपिंडावर ताण येतो. ६८व्या वर्षी हे बघून घ्यायलाच हवं.

या गोळ्यांविषयी जरा थांबून सांगते, कारण मला पत्रात सर्वात जास्त ते वाक्य खटकलं. चिकुनगुनिया आणि डेंग्यू एकाच डासाकडून येतात, एकाच मोसमात, कधी एकाच इमारतीत. पहिल्या दोन दिवसांत दोन्ही सारखेच दिसतात: ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे ठणका. डेंग्यूत रक्तस्राव व्हायची भीती असते आणि या वेदनाशामक गोळ्या, तसंच अॅस्पिरिन, ती वाढवतात. म्हणून पावसाळ्यातल्या कुठल्याही तापात डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल द्यायचं. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. कुणाला हृदयासाठी रोजची अॅस्पिरिन चालू असेल, तर ती मात्र मनानं बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. तुमच्याकडे या वेळी निभावलं. पुढच्या वेळी त्या गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवा.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. ‘तीन दिवसांत ताप गेला’ हे तुम्ही सुटकेच्या सुरात लिहिलं आहे. डेंग्यू असता, तर जपायचे दिवस तिथून पुढे सुरू झाले असते. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू लागतं. माणूस ‘बरा झाला’ म्हणून घरचे निर्धास्त होतात, कुणी ऑफिसला पाठवतं. अशा वेळी पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, किंवा माणूस एकदम सुस्त नाहीतर उगाच अस्वस्थ वाटणं, यांतलं एक जरी दिसलं तरी रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. पेशी किती, हा आकडा सगळे विचारतात. मी त्याच्या आधी पेशंटनं शेवटची लघवी कधी केली ते विचारते. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूसाठी एनएस-१ ही तपासणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम. मलेरियासाठी रक्ताची काच पाहायला सांगायचं, कारण ठाण्यात तोही आहे आणि त्याचं औषध वेगळं.

सासूबाईंना चिकुनगुनिया निघाला, तर विषाणू मारणारं औषध नाही. पण तीन आठवड्यांनंतर डेंग्यूचा धोका मागे पडलेला असतो, त्यामुळे क्रिएटिनिन ठीक असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी दुसरी वेदनाशामक गोळी देऊ शकतात. मनगटं-बोटं कोमट पाण्यात हळूहळू हलवायची, अंथरुणाला खिळून राहायचं नाही. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. साठीपुढच्या बायकांत मात्र ते रेंगाळायची शक्यता जास्त असते. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजलेले राहिले, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. मधल्या काळात ‘एका इंजेक्शनात हात मोकळे’ करून देणारे कुणी भेटले, तर इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून मागा. बहुधा ते स्टिरॉइड असतं. आराम पडतो, साखर वाढते, आणि परिणाम उतरला की दुखणं जोरात उलटतं.

आता गुडघे. सासूबाईंचा वेधशाळेचा व्यवसाय मी मोडीत काढणार नाही, कारण संशोधकांचंही यावर एकमत नाही. अमेरिकेत एक कोटीहून जास्त डॉक्टरभेटींच्या नोंदी तपासून २०१७ साली निष्कर्ष निघाला, की पावसाच्या दिवशी सांधे-पाठदुखीच्या तक्रारी वाढत नाहीत. उलट २०१९ साली ब्रिटनमध्ये अडीच हजारांहून जास्त लोकांनी मोबाइलवर रोजच्या दुखण्याची नोंद केली. त्यात दमट, वाऱ्याच्या आणि हवेचा दाब कमी असलेल्या दिवसांत दुखणं किंचित वाढलेलं दिसलं. किंचित म्हणजे, एरवी शंभरात पाच दिवस त्रासाचे असतील तर अशा हवेत सहा. सासूबाई खोटं बोलत नाहीत. पण चार महिन्यांचं दुखणं या एका दिवसात बसत नाही.

हवेच्या दाबाची गंमत बघा. आपल्याकडे जानेवारी आणि जुलै यांतला दाबाचा फरक दहाएक मिलिबारचा आहे. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये लिफ्टनं पंचविसाव्या मजल्यावर गेलात, तर मिनिटभरात जवळजवळ तेवढाच दाब कमी होतो. वर राहायला गेलेल्या कुणाचे गुडघे जन्मभर पावसाळी झाल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, तिथला दाब ठाण्यापेक्षा कायमच साठ-पासष्ट मिलिबार कमी. दाबानं गुडघे दुखत असते, तर नाशिककरांनी काय करायचं? शरीर नव्या दाबाला सरावतं, हे खरं, त्यामुळे हा पुरावा पक्का नाही. पण यजमानांना चहाच्या वेळी ऐकवायला हरकत नाही.

मला विचाराल तर पावसाळ्यात गुडघे दुखतात त्याचं मोठं कारण घराच्या दारात आहे. सासूबाई एरवी सकाळी चालायला जात असतील, उपवनला किंवा निदान खालच्या रस्त्यावर. जून ते सप्टेंबर ते बंद. चार मजले, लिफ्ट नाही, जिना ओला, खाली चिखल. महिनाभर चालणं थांबलं की मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो. गुडघ्याचा भार तोच उचलतो. मग वजन थेट सांध्यावर येतं. म्हणून पुढच्या जूनपासून चालणं घरात आणा: हॉल ते स्वयंपाकघर, दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. आणि खुर्चीत ताठ बसून एक पाय समोर सरळ करायचा, मनात सावकाश आठ मोजायचे, खाली घ्यायचा. एका पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दीड महिन्यानं फरक विचारा. पण सध्या घोटे सुजलेले आहेत, तेव्हा हे त्यांची सूज उतरल्यावरच.

तुमच्या अर्धशिशीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, बायका स्वतःबद्दल तेवढंच लिहितात. हवेचा उकाडा, लख्ख उजेड, दाबातले बदल यांनी काहींचं डोकं उठतं, हे मान्य. पण श्रावण-भाद्रपदात ढगांशिवाय आणखी काय असतं? श्रावणी सोमवार, शनिवार, मग हरतालिका, तीही निर्जळी आणि वर जागरण. गौरींच्या दिवशी जेवण तीनला. चहा चुकला, पाणी कमी पडलं, झोप तुटली, साबुदाण्यावर दिवस काढला. मायग्रेनच्या मेंदूला याहून दुसरं निमित्त लागत नाही. दोन महिने एका वहीत लिहा: डोकं कधी उठलं, आदल्या रात्री किती झोप, शेवटचं जेवण कधी, पाळीचा कितवा दिवस, आभाळ कसं होतं आणि गोळी घेतली का. ढगांचा रकाना मुद्दाम ठेवा, म्हणजे भांडण मिटेल. आणि महिन्यातले गोळीचे दिवस मोजा. साधी वेदनाशामक पंधरा दिवसांच्या वर, किंवा दोन-तीन औषधं मिसळलेली गोळी दहा दिवसांच्या वर जात असेल, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, आणि मग औषध बदलायला न्यूरॉलॉजिस्ट लागतो. उपास सोडा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा प्रश्न. पाणी तेवढं प्या. आणि ताप असताना डोकं उठलं, तर ते अर्धशिशीच्या खात्यात टाकू नका.

राहता राहिलं घर. वरचा मजला, जुनी इमारत म्हणजे गच्चीवर निळी ताडपत्री असणार. तिच्या घड्यांत पाणी साचतं, आणि ते स्वच्छ असतं, गटारासारखं नाही. एडिसला तेच हवं असतं. टॉर्च घेऊन वर जा. पाण्यात सुतळीच्या तुकड्यांसारख्या अळ्या दिसतील, सावली पडली की वळवळत खाली जातात. घरात पाणी गेलं की भरून ठेवायचं पिंप, कुंड्यांखालच्या थाळ्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, बाटलीतला मनी प्लांट, हे सगळं आठवड्यातून एक ठरावीक वार रिकामं करा. नुसतं ओतून भागत नाही, अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. पिंप आतून काथ्यानं घासायचं. मी हे सांगते खरी, पण दोन वर्षांपूर्वी माझ्याच दवाखान्याच्या खिडकीतल्या तुळशीच्या थाळीत फवारणीवाल्या मुलानं अळ्या दाखवल्या होत्या, पेशंटच्या देखत.

शेजारी बांधकाम असेल तर तिथला लिफ्टचा खड्डा आणि स्लॅबवर क्युरिंगसाठी अडवलेलं पाणी पाहायला हवं. त्यासाठी सोसायटीच्या लेटरहेडवर प्रभाग समितीत अर्ज द्या आणि पोच घ्या. धूर फवारून गेले की लोकांना बरं वाटतं, पण धुरानं उडते डास मरतात, अळ्या-अंडी तशीच राहतात. रात्रीच्या कॉइलचाही इथे फारसा उपयोग नाही, हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी जास्त. सासूबाई दुपारी लवंडतात तेव्हा मच्छरदाणी लावा, सकाळी पेपर वाचायला बसतात तेव्हा घोट्यांना डास पळवणारं मलम. घरात पुन्हा कुणाला ताप आला, तर त्याला पहिला आठवडा दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, नाहीतर त्याला चावलेला डास मुलीपर्यंत पोहोचेल.

हा डास सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे तुमचा डास तुमच्याच आवारातला आहे. आणि डेंग्यू-चिकुनगुनिया नाशिकलाही होतो. फ्लॅट विकायचा असेल तर दुसऱ्या कारणासाठी विका, बारावीची परीक्षा झाल्यावर. या रविवारी मात्र यजमानांना घेऊन गच्चीवर जा, ताडपत्रीची घडी त्यांनाच उचलू द्या.